मोसंबं, दुधी आणि हवेची टाकी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल थोडं बोलायचं आहे. तू आयुष्यभर टाक्या केल्यास, तर टाक्यांबद्दल बोल." मी म्हटलं, "अरे, टाक्यांबद्दल कोण ऐकणार?" तर म्हणाला, "जेवण तुझ्या भाषणानंतर आहे, जातील कुठे?" तेव्हा जेवणाच्या भरवशावर मी उभा आहे.

मी डिप्लोमा झाल्यावर चाळीसेक वर्षं दाबाची भांडी तयार करण्याच्या आणि तपासण्याच्या धंद्यात होतो. दाबाचं भांडं म्हणजे ज्याच्या आत हवा, वाफ किंवा गॅस दाबून भरलेला असतो ते. तुमच्या स्वयंपाकघरातलं गॅसचं सिलिंडर हे दाबाचं भांडं. गॅरेजमध्ये टायरमध्ये हवा भरतात त्या कॉम्प्रेसरखालची टाकी हेही दाबाचं भांडं. आणि चेंबूर-माहुलकडे जाताना रिफायनरीच्या भिंतीपलीकडे खांबांवर उभे केलेले मोठे पांढरे गोळे दिसतात, तीही दाबाची भांडीच. आज मला एवढंच सांगायचं आहे की त्यातली काही लांबट का असतात, काही गोल का असतात, आणि हा फरक समजायला मला आठवीतल्या भूमितीच्या तासाची गरज कशी पडली.

बाई समोर बसल्या आहेत, म्हणून आधी त्यांची गोष्ट. एकदा बाई वर्गात पिशवीतून मोसंबं आणि दुधी घेऊन आल्या. आम्हाला वाटलं, बाजार करून तशाच आल्या असतील. बाईंनी सुरी काढली आणि विचारलं, "मोसंबं मधोमध कापलं तर काय आकार दिसेल?" आम्ही म्हटलं, वर्तुळ. "आणि उभं कापलं तर?" वर्तुळ. "तिरकं?" तेही वर्तुळ, तेवढंच. मग दुधी घेतला. आडवा कापला तर वर्तुळ. उभा चिरला तर लांबच लांब आयत. बाई म्हणाल्या, "मोसंब्याला दिशा नाही. दुधीला आहे. एवढं लक्षात ठेवा." तास संपला आणि मोसंबं मागच्या बाकावरच्यांनी खाल्लं. कोणी खाल्लं ते मला माहीत आहे, पण आज सांगत नाही.

आता १९९४ सालाकडे येतो.

तेव्हा आपल्या मरोळ एमआयडीसीत गाळ्या-गाळ्यांतून लेथ, प्रेस, पॉवर हॅकसॉ असं काहीना काही चालू असायचं. आपल्याच वर्गातला एक मित्र अशाच एका लहान कारखान्यात लेथवर होता. तो आज इथे आहे आणि नाव घेऊ नकोस म्हणालाय. कारखान्याचंही नाव घेत नाही. एका संध्याकाळी तो मरोळ नाक्यावर भेटला आणि म्हणाला, "आमच्याकडे हवेच्या टाकीच्या टोकाला गंज दिसतोय. माझं स्टूल बरोबर तिच्या शेजारी आहे. मालक म्हणतात काही होत नाही. तू एकदा नुसतं बघून जा."

मी रविवारी गेलो. टाकी आडवी होती, दोन पायांवर ठेवलेली. व्यास साठ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या तीस. लांबी दीड मीटरच्या वर, पोटात साधारण पाचशे लिटर हवा मावेल एवढी. पत्रा सहा मिलिमीटरचा. कॉम्प्रेसर दहा किलोवर बंद व्हायचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोचा दाब. दोन्ही टोकांना बशीसारख्या फुगीर डिश जोडलेल्या. त्या डिशच्या गोल जोडावर, वेल्डिंगच्या कडेने, बाहेरून लालसर गंजाची रेघ उतरलेली होती. मित्राला तीच दिसली होती, आणि खरं सांगतो, मीही पहिला अर्धा तास त्याच जोडाकडे बघत बसलो. ब्रशने घासलं, जाडी मापायच्या यंत्राने मापलं. तिथे साडेपाच मिलिमीटर भरली. म्हटलं, ठीक आहे, वरवरचा गंज आहे. यंत्र पिशवीत ठेवलं.

आणि मग मला दुधी आठवला.

हे नीट सांगतो, कारण सगळी गोष्ट इथेच आहे. टाकीत हवा दाबून भरली की हवा सगळीकडून बाहेर ढकलते. पत्रा तिला धरून ठेवतो. धरून ठेवताना पत्रा ताणला जातो. किती ताणला जातो हे शोधायचं असेल तर मनातल्या मनात टाकी कापायची आणि विचारायचं, या कापलेल्या कडांवर किती ओझं येतं, आणि ते पेलायला तिथे किती पोलाद आहे. बाईंनी दुधी कापला तसाच.

आधी टाकी आडवी कापू, गोल चकती दिसेल अशी. तीस सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा, त्याला दहाने गुणा. साधारण अठ्ठावीस हजार किलो होतात. म्हणजे अठ्ठावीस टनांचं ओझं टाकीच्या टोकाला उडवू बघतंय. ऐकून घाबरायला होतं. पण धरायला पोलादही भरपूर आहे. कडेची पूर्ण वर्तुळाकार कड जवळजवळ एकशे एकोणनव्वद सेंटिमीटर लांब, आणि ०.६ सेंटिमीटर जाड. एकशे तेरा चौरस सेंटिमीटर पोलाद. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला अडीचशे किलो ताण.

आता टाकी उभी चिरू, लांबीच्या दिशेने. संपूर्ण लांबी घ्यायची गरज नाही, एक सेंटिमीटरची चकती पुरे. तिची रुंदी साठ, लांबी एक, दाब दहा. ओझं सहाशे किलो. अठ्ठावीस टनांपुढे सहाशे किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण धरणारं पोलाद किती? समोरासमोरच्या दोन कडा, प्रत्येक ०.६ जाड, एक सेंटिमीटर लांब. सगळं मिळून १.२ चौरस सेंटिमीटर. सहाशेला १.२ ने भागा. पाचशे किलो. आडव्या कापापेक्षा बरोब्बर दुप्पट.

हे बरोब्बर दुप्पट योगायोगाने येत नाही. टाकी लहान असो, मोठी असो, दाब कितीही असो, लांबट नळकांडं असेल तर वेढ्याच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पटच असतो. वेढ्याचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. लांबीचा ताण त्याचा निम्मा. जुन्या लाकडी पिंपांना लोखंडी पट्ट्या कमरेभोवती मारलेल्या असायच्या, उभ्या नव्हे. पिंपाला आधार वेढ्यात लागतो.

आणि गोळा? मोसंबं? ते कुठूनही कापा, तेच वर्तुळ. म्हणजे तोच आपला पहिला हिशेब: अठ्ठावीस टन ओझं, एकशे तेरा चौरस सेंटिमीटर पोलाद, अडीचशे किलो ताण. उभा काप नावाची गोष्टच त्याला नाही. म्हणून त्रिज्या तीच, पत्रा तोच, दाब तोच, तरी गोळ्यात ताण नळकांड्याच्या निम्मा. नळकांड्याची जी मजबूत दिशा, ती गोळ्याला सगळीकडून मिळालेली असते. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर नळकांड्याचा पत्रा एकाच दिशेने वाकलेला असतो, त्यामुळे दाबाचं सगळं ओझं ती एकच दिशा पेलते. गोळ्याचा पत्रा दोन्ही दिशांनी वाकलेला असतो आणि दोघं मिळून ओझं वाटून घेतात.

(इथे कोणीतरी "म्हणजे एकत्र कुटुंब!" असं ओरडलं. हो, तसंच.)

आता त्या रविवारकडे परत. मी जो गोल जोड मापत बसलो होतो, तो टाकीतला निम्म्या ताणाचा जोड होता. तिथे पत्रा अर्धा झिजला असता तरी तिथला ताण टाकीच्या अंगाइतकाच झाला असता. खरा धोका होता उभ्या दिशेला, म्हणजे टाकीच्या लांबीने धावणाऱ्या कुठल्याही कमकुवत रेषेला. आणि आडव्या टाकीत अशी रेषा आपोआप तयार होते. कॉम्प्रेसरच्या हवेत बाष्प असतं. हवा टाकीत थंड झाली की पाणी सुटतं आणि तळाला साचतं. आडव्या टाकीचा तळ म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब रेघ. गंज तिथे, आतून, बाहेर दिसणार नाही असा.

मी मित्राला विचारलं, "खालचा कॉक रोज उघडता का?" म्हणाला, "सकाळी उघडतो, काही येत नाही. कोरडीच असते." मी लेव्हल लावून बघितली. टाकीचे पाय एका बाजूने खचले होते आणि कॉक नेमका वर गेलेल्या टोकाला होता. पाणी दुसऱ्या टोकाकडे बसलेलं. कॉकमधून काही येत नाही म्हणजे टाकी कोरडी आहे असं नव्हे. पाणी कॉकपर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग टाकीच्या पोटाखाली आडवा झालो. रंग खरवडला आणि तळाच्या रेषेवर दर पाच सेंटिमीटरला जाडी मापली. साडेचार, चार, साडेतीन, तीन. खोलगट टोकाकडे २.१. बाजूला बोटभर सरकलं की परत साडेपाच. म्हणजे आत चार-पाच सेंटिमीटर रुंदीचा आणि हातभर लांबीचा चर पडला होता.

२.१ मिलिमीटरला हिशेब करा. दहा गुणिले तीस भागिले ०.२१. सुमारे चौदाशे तीस किलो ताण. साधं पोलाद चार हजार शंभर किलोच्या आसपास तुटतं, पण दाबाच्या भांड्यात त्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच, म्हणजे हजारभर किलोपर्यंतच, त्याला राबवायचं असा तेव्हाचा रिवाज होता. त्या मर्यादेच्या ही टाकी बरीच पुढे गेली होती. हाच झिजलेला पत्रा त्याच त्रिज्येच्या गोळ्याचा असता तर ताण सातशे पंधरा आला असता, मर्यादेच्या आत. आणि हाच चर टाकीच्या लांबीने न पडता कमरेभोवती पडला असता, तरी सातशे पंधराच. चर तोच, खोली तीच, नुसती दिशा बदलली की निकाल बदलतो. दुधीला दिशा असते ती अशी.

आणखी एक बारकावा. झिजलेला खड्डा एकटा असेल तर आजूबाजूचं जाड पोलाद त्याच्यावरचं ओझं थोडं आपल्या अंगावर घेतं. पण चर लांब असेल आणि ओझं त्याच्या आडवं जात असेल, तर ओझ्याला वळसा घालून जायला वाटच नसते. सगळं त्या पातळ पट्टीतूनच जातं. म्हणून लांबट टाकीतला उभा चर इतका वाईट.

मी मालकांना म्हटलं, टाकी बाद करा. ते म्हणाले, "दोन वर्षं अशीच चालतेय. आत्ता तुमच्यासमोर पंधरा किलोपर्यंत हवा भरतो. टिकली तर चालू ठेवायची." त्यांचं चुकत होतं, पण का चुकत होतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "चाचणी जरूर करू, पण हवेने नाही. पाण्याने."

पाण्यानेच का, हे सांगणं गरजेचं आहे, कारण आजही लोक ही चूक करतात. हवा दाबली जाते, स्प्रिंगसारखी. पाचशे लिटर हवा दहा किलोवर दाबली की तिच्यात इतकी शक्ती साठते की एक टनाची मोटार वीस मजले वर उचलली जाईल. टाकी फुटली की ती सगळी शक्ती एका क्षणात सुटते. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही, त्यामुळे तेवढ्याच दाबाला त्यात हजारो पट कमी शक्ती साठते. पाण्याने भरलेली टाकी फाटली तर पाणी वाहतं. हवेने भरलेली फाटली तर पत्र्याचे पंख होतात. म्हणून चाचणी पाण्यानेच करायची, टाकीतली सगळी हवा वरच्या भोकातून काढून टाकून, आणि माणसं भिंतीआड ठेवून.

पुढच्या रविवारी हातपंप आणला. टाकी काठोकाठ भरली. मित्र, मालक आणि मी भिंतीआड. पंपाचा दांडा मी मारत होतो, गेज मित्र वाचत होता. आठ. दहा. बारा. तेरा. तेराला पोचलो आणि काटा एकदम खाली आला. आवाज असा नाहीच, "चर्र" एवढाच. जाऊन बघितलं तर टाकीखाली पाण्याचं थारोळं, आणि तळाला चार बोटं लांबीची फट. टाकीच्या लांबीने. अगदी सरळ.

मालक खाली बसून फटीवर बोट फिरवत राहिले. मग मित्राच्या स्टुलाकडे बघितलं. स्टूल आणि फट यांत हातभर अंतर होतं. काही बोलले नाहीत. सोमवारी टाकी भंगारात गेली आणि नवी आली. नव्या टाकीचे पाय मालकांनी स्वतः लेव्हल लावून बसवून घेतले, कॉक खोलगट बाजूला.

माझ्याही पदरात एक शहाणपण पडलं. माझ्या यंत्राने सगळ्यात कमी जाडी २.१ दाखवली होती. त्या जाडीला तेरा किलोवर ताण अठराशे साठच येतो, म्हणजे टाकी फाटायला नको होती. मागाहून ती फट कापून उघडली तेव्हा चराच्या तळाशी खोल खड्डे निघाले. एके ठिकाणी पत्रा एक मिलिमीटरही उरला नव्हता. तिथला ताण चार हजारांच्या घरात गेला होता. मी दर पाच सेंटिमीटरला मापत होतो आणि खड्डे त्या पाच सेंटिमीटरांच्या मधे बसले होते. तेव्हापासून चर सापडला की मी तो बोटाबोटाला मापतो, आणि तरीही यंत्राला दिसलं तेच सगळ्यात पातळ असं कधी धरत नाही.

आता तुम्ही विचाराल, गोळा इतका गुणी आहे तर सगळ्या टाक्या गोळ्याच का करत नाहीत? मलाही बरीच वर्षं वाटायचं की गोळा केला तर पोलाद निम्मं लागेल. ताण निम्मा, म्हणून जाडी निम्मी, म्हणून पोलाद निम्मं. पण हिशेब तसा नाही.

तीस सेंटिमीटर त्रिज्येचा गोळा घ्या. त्यात एकशे तेरा लिटर मावतं. तेवढंच मावणारा लांब टाकीचा तुकडा घेतला, त्याच त्रिज्येचा, तर तो चाळीस सेंटिमीटर लांब येतो. टोकं सोडून द्या, आपण लांब टाकीच्या मधला तुकडा घेतलाय. आता दोघांचा पत्रा मोजा. गोळ्याचा पत्रा त्या तुकड्याच्या दीडपट भरतो. जाडी मात्र निम्मी चालते. दीडाचं निम्मं म्हणजे पाऊण. पोलाद निम्मं वाचत नाही, पाव वाचतं. आणि गंमत अशी की त्रिज्या बदलून बघा, उत्तर तेच येतं. हिशेब कागदावर करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि बाई खूश होतील.

आता हे पावभर पोलाद वाचवायला काय मोजावं लागतं ते बघा. नळकांडं करायचं तर सपाट प्लेट तीन रोलच्या मशीनमध्ये घालायची, वाकवत न्यायची, उभी शिवण वेल्ड केली की झालं. गोळा रोलमध्ये होत नाही. मोसंब्याच्या सालीच्या फोडी करतात तशा प्लेटच्या पाकळ्या कापायच्या, प्रत्येक पाकळी प्रेसमध्ये दोन्ही बाजूंनी फुगवायची, मग त्या उंचावर एकमेकींना लावून वेल्ड करायच्या. वेल्डिंग कितीतरी वाढतं, आणि पाकळी जरा वेडीवाकडी बसली की जोडावर वाकण्याचा जादा ताण येतो, मग निम्म्या ताणाची चैन संपते. पुन्हा गोळा गडगडतो, त्याला पाय हवेत, आणि पाय जिथे टेकतात तिथे आपला साधा हिशेब चालत नाही. पाचशे लिटरच्या टाकीसाठी हे सगळं कोण करणार?

पण टाकी खूप मोठी झाली की पारडं फिरतं. सोळा मीटर व्यासाच्या गॅसच्या टाकीचा विचार करा, दाब चौदा किलो, आणि तोच हजार किलोचा ताण धरा. नळकांडं करायचं तर पत्रा अकरा सेंटिमीटरच्या वर जाड लागेल. गोळ्याला साडेपाच-पावणेसहा. अकरा सेंटिमीटरची प्लेट वाकवणं आणि वेल्ड करणं म्हणजे दिवसरात्रीचं दुखणं. म्हणून अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पोर्ट आर्थरला १९२३ साली पहिला मोठा गोळा उभा राहिला, आणि तो बांधणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाच्या हॉर्टन या नावावरून आजही आपल्याकडे रिफायनरीतले लोक त्यांना हॉर्टन स्फिअर म्हणतात. आणि ज्यांना नळकांडंच हवं असतं ते त्रिज्याच कमी करतात. तीन मीटर व्यासाची लांबच लांब टाकी केली की त्याच दाबाला दोन सेंटिमीटरच्या जरा वरचा पत्रा पुरतो. "त्रिज्या तीच" ही अट हिशेबाच्या वहीत असते. प्रत्यक्षात माणूस आकाराबरोबर त्रिज्याही बदलतो.

हिशेबाची हद्दही सांगायला हवी. पत्रा त्रिज्येच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा पातळ असेल तरच हे गणित चालतं. त्याहून जाड झालं की आतल्या बाजूला ताण जास्त आणि बाहेर कमी असा फरक पडतो. आणि नळकांड्याला गोलाकार टोक जोडलं की जोडापाशी दोघांचं भांडण होतं. दाब आला की नळकांडं जितकं फुगतं त्याच्या निम्म्याहूनही कमी गोळा फुगतो, पत्रा एकाच जाडीचा असला तरी. एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे दोघंही तिथे थोडे वाकतात. हा वाकण्याचा ताण थोड्या अंतरात विरून जातो, पण जोड नेमका तिथेच नको. म्हणून डिशला कडेला थोडी सरळ पट्टी ठेवलेली असते, आणि वेल्डिंग त्या पट्टीच्या टोकाला येतं.

शेवटी स्वयंपाकघरात जाऊ. घरी गेल्यावर गॅसच्या सिलिंडरकडे नीट बघा. कमरेभोवती एक गोल जोड दिसेल. उभा जोड शोधा. सापडणार नाही. सपाट पत्र्यातून दोन खोल वाट्या ओढून काढायच्या, तोंडाला तोंड लावायची आणि मधोमध एकच गोल शिवण मारायची, अशी ती कृती आहे. वेल्डिंग ही कुठल्याही भांड्यातली सगळ्यात संशयास्पद जागा. ती एकमेव शिवण नेमकी निम्म्या ताणाच्या दिशेने बसवली आहे. तिथून गोलाकार टोकंही लांब, म्हणजे भांडणापासूनही दूर. त्रिज्या पंधरा-सोळा सेंटिमीटर आणि पत्रा अडीच मिलिमीटर धरला, तर पंचवीस किलोच्या चाचणीच्या दाबाला पत्र्यात वेढ्याचा ताण पंधराशे सत्तरच्या आसपास येतो. शिवणीला मात्र त्यातलं निम्मंच पेलावं लागतं. आपल्या हवेत रोजचा दाब पाच-सहा किलोच, म्हणजे दोन्ही आकडे चौथाईच्या आत. ज्याने कोणी ती शिवण कुठे मारायची हे ठरवलं, त्याला दुधी कसा कापायचा हे ठाऊक होतं.

आणि ज्यांच्याकडे गॅरेज आहे, दवाखाना आहे, पंक्चरचं दुकान आहे, त्यांनी कॉम्प्रेसरचा खालचा कॉक रोज उघडा. काही आलं नाही तर समाधान मानू नका, टाकी कुठे झुकली आहे ते बघा. गंज शोधायचा तर टोकाच्या गोल जोडावर नजर जाण्याआधी पोटाखाली जा.

बाई, तो तास फुकट गेला नाही. मोसंबं ज्याने खाल्लं तोच त्या स्टुलावर बसायचा. आता मात्र सांगून टाकलं.

चला, जेवायला.